ॲपवरून वीजबिल भरलं, पैसे कापले गेले, तरी महावितरणकडे थकबाकी दिसतेय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इमारतीतल्या सात-आठ ज्येष्ठांची वीजबिलं गेली काही वर्षं मीच भरतो, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी फोन पुढे करून विचारतं, "पैसे तर गेले, मग हे अजून बाकी का दाखवतंय?" उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. सगळं लिखाण महावितरणच्या घरगुती, महिन्याला बिल येणाऱ्या जोडणीबद्दल आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असेल तर पैशांचा प्रवास जवळपास असाच असतो. तारखा आणि आकार मात्र आपल्या बिलावरचेच पाहावेत.

पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला. म्हणजे बिल भरलं गेलं, हो ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ॲपवरून बिल भरताना एकापाठोपाठ एक असे दोन व्यवहार होतात. पहिल्यात तुमच्या बँकेतून पैसे ॲपकडे जातात. दुसऱ्यात ॲप 'भारत कनेक्ट' या यंत्रणेमार्फत महावितरणला कळवतं, की अमुक ग्राहक क्रमांकाचे इतके रुपये आले, खात्यावर जमा करा. (या यंत्रणेचं आधीचं नाव भारत बिल पेमेंट सिस्टीम, म्हणजे बीबीपीएस. बऱ्याच पावत्यांवर अजून तेच नाव दिसतं.) बँकेचा मेसेज फक्त पहिल्या व्यवहाराचा असतो. दुसऱ्याचं काय झालं, ते बँकेला माहीतच नसतं. म्हणून बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. तिथला माणूस सांगतो, "आमच्याकडून पैसे गेले," आणि त्याचं बरोबर असतं.

मग पैसे कुठे अडकलेत हे कसं ओळखायचं?

ॲपमधल्या जुन्या व्यवहारांत जाऊन हा व्यवहार उघडा आणि दोन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे स्थिती. `Success`, `Pending` किंवा `Failed` यांपैकी एक शब्द तिथे असतो. `Pending` असेल तर दुसऱ्या व्यवहाराचं उत्तर अजून आलेलं नाही. `Failed` असेल तर महावितरणला काहीच मिळालेलं नाही आणि पैसे तुमच्याकडे परत येणार आहेत. `Success` असूनही महावितरण बाकी दाखवत असेल, तर अडचण त्यांच्या नोंदीत आहे किंवा तुमच्या ग्राहक क्रमांकात.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे. पावतीवर सहसा दोन क्रमांक असतात. एक यूपीआयचा, बारा अंकी. तो बँकेच्या कामाचा. दुसरा भारत कनेक्टचा. त्यात अक्षरं आणि अंक मिसळलेले असतात आणि त्याच्याजवळ `B-Connect Txn ID` किंवा तसंच काहीतरी लिहिलेलं असतं. महावितरणकडे शोधायला उपयोगी पडतो तो हा दुसरा. लोक नेमका पहिला घेऊन कार्यालयात जातात आणि मग खिडकीवरचा माणूस "अशी नोंदच नाही" म्हणतो. भारत कनेक्टचा क्रमांक पावतीवर उमटलाच नसेल, तर व्यवहार पुढे गेला नसण्याची शक्यता बरीच असते.

यानंतर महावितरणच्या बाजूने पाहा. त्यांच्या ॲपमध्ये किंवा `wss.mahadiscom.in` वर ग्राहक क्रमांक टाकून आधी भरलेल्या बिलांची यादी उघडा. तिथे तुमची रक्कम तारखेसह असेल तर चिंता मिटली. पैसे भरायच्या पानावर तरीही जुनी बाकी दिसत असेल, तर ते पान मागे राहिलंय इतकंच. यादीवर विश्वास ठेवा.

किती वेळ वाट पाहायची?

`Success` असेल तर बहुतेक वेळा काही मिनिटांत नोंद होते. मी एक पूर्ण दिवस देतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादीत काही आलं नाही तर तक्रार टाकतो.

पैसे कापले गेले पण समोरच्या व्यापाऱ्याला पुष्टीच मिळाली नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. त्यानुसार व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापेक्षा उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागणी न करता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार धरून. पण हा नियम फसलेल्या व्यवहारासाठी आहे. `Success` दाखवणाऱ्या आणि फक्त नोंद न झालेल्या बिलासाठी तो दाखवून उपयोग नाही, कारण तिथे परत येण्यासारखं काही नसतं.

मुदत उलटली तर दंड नेमका किती?

हे एकदा कळलं की निम्मी धडधड कमी होते. महावितरणचा विलंब आकार बिलाच्या रकमेच्या १.२५ टक्के आहे आणि तो एकदाच लागतो, रोज वाढत नाही. व्याज वेगळं. ते बिलाच्या तारखेपासून ६० दिवस उलटल्यावर सुरू होतं, सुरुवातीला वर्षाला १२ टक्के दराने. याशिवाय बिल लवकर भरल्याबद्दल मिळणारी साधारण एक टक्का सूट असते. तिची तारीख अंतिम मुदतीच्या बरीच आधी येते. शेवटच्या दिवशी भरणाऱ्याची ती सूट तशीही गेलेलीच असते, तेव्हा तिचं दुःख नको.

घरगुती ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून किमान २१ दिवस मिळतात. बिल ३ जूनचं असेल तर अंतिम तारीख २४ जूनच्या आसपास पडते. समजा रक्कम २,३४० रुपये आहे. विलंब आकार होतो २९ रुपये २५ पैसे. महावितरण बिल दहाच्या पटीत पूर्ण करतं, म्हणून मुदतीनंतर २,३७० रुपये दिसतात. म्हणजे भीती आहे ती तीस रुपयांची. दुकानाचं किंवा पिठाच्या गिरणीचं चाळीस हजारांचं बिल असेल तर तेच ५०० रुपये होतात, आणि मग गोष्ट वेगळी.

आज शेवटची तारीख आहे, ॲप `Pending` दाखवतंय. पुन्हा भरू का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तो शेजारच्या काकूंच्या बिलावरच सोडवून दाखवतो, कारण त्यांच्याकडे जवळजवळ सगळं घडून गेलं.

बिल वर सांगितलेलंच, २,३४० रुपयांचं. काकूंनी २४ जूनला रात्री पावणेअकराला भरलं. बँकेतून पैसे गेले, ॲपवर `Pending`. पंचवीसला सकाळी महावितरणच्या पानावर २,३७०. काकू घाबरल्या आणि त्यांनी लगेच महावितरणच्याच साइटवरून २,३७० भरून टाकले. ते दहा मिनिटांत नोंदवले गेले. मला त्यांनी दुपारी सांगितलं, तेही "आता माझे दुप्पट गेले" असं म्हणत.

इथून पुढे दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. पहिला व्यवहार फसला असता तर २,३४० परत आले असते, आणि दुसरा भरणा करणं योग्यच ठरलं असतं. पहिला यशस्वी झाला असता तर काकूंच्या खात्यावर २,३७० रुपये जास्तीचे जमा राहिले असते आणि पुढच्या बिलातून वजा झाले असते. दोन्हींत पैसा बुडत नाही. काकूंच्या बाबतीत पहिला फसला. २९ तारखेला २,३४० रुपये बँकेत परत आले. नुकसान तीस रुपयांचं.

त्यामुळे माझं मत असं. रक्कम हजार-दोन हजारांची असेल, खात्यात पैसे असतील आणि मुदत आजच संपत असेल, तर पुन्हा भरायला हरकत नाही. पण त्याच ॲपवरून नको, महावितरणच्या ॲप किंवा साइटवरून. एकाच ठिकाणी दोनदा अडकण्यात काय अर्थ? रक्कम मोठी असेल, किंवा ते पैसे गेले तर घरात चणचण होणार असेल, तर थांबा आणि तीस रुपयांचा धोका पत्करा. आणि `Success` दिसत असेल तर अजिबात पुन्हा भरू नका. मुदतीच्या आतली तारीख असलेली पावती तुमच्याकडे आहे. नोंद उशिरा झाली तरी त्या पावतीवर विलंब आकार काढून मागता येतो.

पैसे परत आले. आता सगळं संपलं ना?

उलट, खरा धोका इथेच आहे. व्यवहार चार-पाच दिवस लोंबकळतो, मग गुपचूप पैसे परत येतात. मेसेज आला तरी तो इतर दहा मेसेजांमध्ये हरवतो. तुमच्या डोक्यात "बिल भरलंय" हे पक्कं बसलेलं असतं. पुढच्या महिन्यात बिलावर थकबाकी दिसते आणि तुम्ही जुना स्क्रीनशॉट घेऊन कार्यालयात उभे राहता. तो स्क्रीनशॉट `Pending` चा असतो. तो पावती नव्हेच.

म्हणून कार्यालयात जाण्याआधी त्या तारखेनंतरच्या दहा दिवसांचा बँकेचा उतारा एकदा डोळ्यांखालून घाला. जितकी रक्कम गेली तितकीच जमा बाजूला दिसली, तर बिल भरायचं राहिलंय. काही ॲप परतावा बँकेऐवजी स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकतात, तेही बघा. मी स्वतः एकदा हे न बघता अर्धा दिवस घालवलाय, आणि खिडकीवरच्या बाईंनी माझ्याच फोनवर मला परतावा दाखवला.

यात गेलेला विलंब आकार कोण देणार, असं पुढे विचारलं जातं. ॲप सहसा देत नाही, महावितरणचा त्यात दोष नसतो, आणि तीस रुपयांसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याइतका उत्साह मला कोणात दिसलेला नाही. मात्र पैसे पाच दिवसांनंतरही आले नसतील तर रोजचे १०० रुपये जरूर मागा.

`Success` आहे, दोन दिवस झाले, महावितरणकडे नोंद नाही. तक्रार कुठे आणि कशी?

आधी ज्या ॲपवरून भरलं तिथे. त्या व्यवहाराखालीच मदत किंवा तक्रारीचा पर्याय असतो. भारत कनेक्टच्या तक्रारीत कारणांची ठरलेली यादी येते. त्यातलं `Transaction Successful, account not updated` निवडा. "इतर" निवडून लांबलचक हकिकत लिहिली तर ती तक्रार वाचायला माणूस लागतो. ठरलेलं कारण निवडलं तर ती थेट महावितरणच्या बाजूच्या बँकेकडे जाते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

त्याच दिवशी महावितरणलाही कळवा. ऑनलाइन भरण्यासाठी त्यांचा वेगळा ईमेल आहे, `helpdesk_pg@mahadiscom.in`. फोन करायचा तर १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५. फोनवर तक्रार नोंदवली जाते, पण कागद दाखवता येत नाही, म्हणून मला ईमेल बरा वाटतो. मजकूर एवढाच पुरे:

"ग्राहक क्रमांक (बारा अंकी) आणि बिलिंग युनिट (चार अंकी) वर दिले आहेत. जून महिन्याचे देयक रु. २,३४०, अंतिम तारीख २४ जून. दि. २२ जून रोजी ॲपद्वारे भरणा केला. भारत कनेक्ट व्यवहार क्रमांक व यूपीआय क्रमांक खाली दिले आहेत. बँक खात्यातून रक्कम वजा झाली असून आजपर्यंत परत आलेली नाही. सोबत पावती व बँकेचा उतारा जोडला आहे. कृपया भरणा मूळ तारखेने जमा करावा व विलंब आकार लागला असल्यास तो रद्द करावा."

यात दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. "रक्कम परत आलेली नाही" हे तुम्ही आधीच सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न संपतो. आणि "मूळ तारखेने" हे शब्द नसतील तर पैसे जमा होतात, पण नोंदीच्या दिवसाच्या तारखेने, आणि विलंब आकार तसाच राहतो. पिन किंवा ओटीपी कुठेही लिहायचा नाही. बँकेच्या उताऱ्यावरचे बाकीचे व्यवहार झाकून पाठवा.

पुढच्या बिलात थकबाकी छापून आली. आता काय?

आधी बिलावर शेवटच्या पावतीची तारीख आणि रक्कम छापलेली असते ती पाहा. तुमचा भरणा तिथे नसेल पण ऑनलाइन यादीत असेल, तर बिल तयार झाल्यावर नोंद झाली आहे. अशा वेळी छापील रक्कम भरू नका. साइटवर दिसणारी आजची रक्कम भरा.

यादीतही नसेल तर उपविभागीय कार्यालयाच्या बिलिंग विभागात जा. विलंब आकार काढायचा तर तिथे बिल दुरुस्तीचा प्रस्ताव करावा लागतो. त्याला कार्यालयात 'बी-८०' म्हणतात. "माझा बी-८० टाकाल का?" असं विचारलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, हा स्वानुभव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. बाकी ॲप किंवा बँक ३० दिवसांत दाद देत नसेल तर ती वेगळी वाट: `cms.rbi.org.in`.

बिल भरल्याची नोंद आहे, तरी वेगळीच रक्कम बाकी दिसते. हे काय?

बऱ्याचदा ती सुरक्षा ठेव असते. मागच्या वर्षीच्या वापरावरून वर्षातून एकदा ठेवीचा हिशेब होतो आणि कमी पडणारी रक्कम वेगळ्या बिलाने मागितली जाते, साधारण उन्हाळ्याच्या सुमारास. ते बिल नेहमीच्या बिलासोबत येतं आणि लोक त्याला जाहिरात समजून बाजूला ठेवतात. ठेवीची रक्कम आणि विजेची रक्कम यांचे हिशेब वेगळे असतात. भरताना साइटवर योग्य पर्याय निवडलाय ना, ते पाहा.

चुकून दुसऱ्याच ग्राहक क्रमांकावर भरलं.

ॲपमध्ये जुन्या भाड्याच्या घराचा क्रमांक 'घर' या नावाने राहून गेलेला असतो आणि आपण डोळे मिटून दाबतो. ॲप ग्राहकाचं नाव दाखवतं, पण वाचतो कोण? अशा वेळी `Success` हे अगदी खरं असतं, पैसे कोणाच्या तरी मीटरवर सुखरूप पोचलेले असतात. आधी आपलं बिल वेगळं भरून टाका, मुदत थांबत नाही. मग तक्रारीत `Erroneously paid in wrong account` निवडा आणि उपविभागात दोन्ही क्रमांकांसह अर्ज द्या. तो दुसरा ग्राहक ओळखीचा असेल तर त्याच्याकडून पैसे रोख घेणं हाच सर्वांत जलद मार्ग. अनोळखी असेल आणि त्याच्या पुढच्या बिलात रक्कम वळती झाली, तर ती परत मिळवणं खूप अवघड जातं. इथे मात्र एक-दोन दिवसांचीसुद्धा घाई करावी.

रागाच्या भरात बँकेत 'चार्जबॅक' टाकला तर?

कार्डाने भरलं असेल तर तो पर्याय असतो. पण दरम्यान महावितरणकडे नोंद झाली असेल आणि मग बँकेने पैसे ओढून घेतले, तर तुमचं बिल पुन्हा न भरलेलं होतं. ॲप आणि महावितरण दोघांनीही लेखी नकार दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

वायरमन दारात आलाय, वीज तोडतो म्हणतो.

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. महावितरण ती एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवरही पाठवतं, म्हणून "मला काही मिळालं नाही" म्हणण्याआधी फोन तपासा. वायरमनच्या हातातली यादी आधी काढलेली असते, त्यात कालचा भरणा नसतो. त्याला शांतपणे `Success` ची पावती आणि तक्रार क्रमांक दाखवा आणि कार्यालयात फोन लावायला सांगा. तो चिडलेला असतो, कारण दिवसभर त्याला सगळेच "आत्ताच भरलं" म्हणतात. रक्कम वादातली असेल तर त्याच कलमाखाली हरकत नोंदवून पैसे भरता येतात आणि जोडणी चालू राहते.

"मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल, या अधिकाऱ्याला फोन करा" असा मेसेज आला. खरा आहे का?

नाही. हा मेसेज पाठवणाऱ्यांना तुमच्या अडकलेल्या बिलाबद्दल काहीच माहिती नसते, ते हजारोंना पाठवतात. पण नेमकं तुमचं बिल अडकलेलं असेल तर तो अगदी खरा वाटतो. महावितरणचे एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावात `MSEDCL` असतं. ते दहा अंकी मोबाइल नंबरवरून येत नाहीत. त्या 'अधिकाऱ्याला' फोन केला की तो स्क्रीन दिसणारं एखादं ॲप टाकायला आणि "अपडेटसाठी" दहा रुपये भरायला सांगतो. पुढचं काम तो स्वतः करतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

चुकून दोनदा भरले गेले. दुसरे पैसे परत मिळतील का?

मिळण्यापेक्षा वळते होणं सोपं. पुढच्या बिलात रक्कम उणे दिसेल आणि ती संपेपर्यंत भरायला काही राहणार नाही. काकू आता जाणूनबुजून मे महिन्यात दोन बिलांएवढे पैसे टाकून ठेवतात, म्हणजे जूनमध्ये लेकीकडे गेल्यावर मला फोन करावा लागत नाही.